नमुन्याची वाटी

जयंत दीक्षितला मधुमेह नसता, तर त्या गुरुवारी तोही इतरांबरोबर दवाखान्यात आडवा पडला असता आणि ही भानगड दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडली असती. पण नशीब बघा! देवास रोडवरच्या त्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर तोच, आणि श्रीखंड न खाल्लेल्या मोजक्या लोकांतलाही तोच.

कँटीनचं जेवण दुपारी दीडला झालं आणि चार वाजायच्या आत लोक ओकायला लागले. जयंत कागद-पेन घेऊन खाटेखाटेपाशी फिरला. काय काय खाल्लं, त्रास कधी सुरू झाला, आधी उलटी की जुलाब, ताप आहे का. ताप कुणालाच नव्हता. भाजी, वरणभात, कोशिंबीर खाऊन श्रीखंड टाळलेले सगळे ठणठणीत होते. अकाउंट्समधल्या श्रुतीनं नुसती श्रीखंड-पोळी खाल्ली होती, ती बेजार. स्टोअरमधल्या म्हाताऱ्या वसंतरावांना तर सलाईन लावूनही शुद्ध धड नव्हती.

"इतक्या लवकर उलट्या म्हणजे जंतूंनी विष आधीच करून ठेवलं होतं," डॉक्टर म्हणाले. "कुणाचा तरी हात लागलाय आणि मग ते उबेत राहिलंय. उरलंय का थोडं?"

उरणार कुठून? पातेलं चाटूनपुसून, घासून पालथं पडलं होतं. पण रोजच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकण लावून, तारीख घालून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवायची, हा नियम जयंतनंच घातला होता. ती वाटी आता भोपाळच्या प्रयोगशाळेत जायची होती.

तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा अक्का एकटीच ओट्याशी बसली होती. बायको गेल्यापासून जयंतच्या माधव नगरच्या घरात गॅस पेटायचा तो फक्त चहाला. दिवसभरात "जयंतराव, अजून एक पोळी?" एवढं विचारणारं माणूस म्हणजे कँटीनची ही अक्का. त्या एका प्रश्नासाठी तो सुट्टीच्या दिवसाला वैतागायचा, खोटं कशाला बोला.

"अक्का, ही वाटी कधी काढलीत?"

"चक्का आला तेव्हाच की. आधी देवाचं, त्यातूनच तुमचं. साखर घालायच्याही आधी."

"रोज असंच?"

"मग! चार हात लागलेलं कसं ठेवायचं नमुन्याला?"

जयंतनं वाटी ओट्यावर ठेवली. म्हणजे वाटीत श्रीखंड नव्हतंच, होता कोरा चक्का. आणि अक्काच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती.

"विळीवर कापलं. पिकलंय, ठणकतंय मेलं," ती म्हणाली. "पण गाठी राहतात हो, शेवटी हातानंच घोटावं लागतं. मग पातेलं बाहेरच ठेवलं, फ्रिजमध्ये मावतंय कुठं!"

बाहेर एप्रिलचं ऊन. जयंत स्टुलावर बसून राहिला. गप्प बसलं तर वाटी साफ निघेल, मॅनेजर "गर्मी लग गई सबको" म्हणून हात झटकतील, आणि सोमवारी अक्का पोळी वाढेल. पुढच्या श्रीखंडाला एखादा वसंतराव उठणारच नाही, एवढंच. त्याला रडू यायला लागलं, स्वतःचीच लाज वाटली.

"अक्का, मला हे लिहावं लागेल. वाटी चक्क्याची आहे, आणि तुमच्या बोटाचा पू तपासायला घ्यावा."

"माझं नाव लिहाल?"

"बोटाचं लिहितो."

"बोट काय एकटं येतं का कामाला?" ती म्हणाली. मग तिनं चिंधी सोडायला घेतली. "लिहा."

वसंतराव वाचले. बोटातले आणि उलटीतले जंतू एकच निघाले. जखम भरेपर्यंत अक्कांना सुट्टी द्या, घोटायला यंत्र द्या, मोठा फ्रिज घ्या आणि नमुना वाढतेवेळी काढा, असं जयंतनं स्पष्ट लिहिलं होतं. पण तेव्हा जिकडेतिकडे ठेकेदारीचं वारं. मॅनेजरना निमित्तच हवं होतं. अक्काला घरी बसवलं आणि इंदूरचा ठेकेदार आला. कँटीनमध्ये सगळ्यांना वाटलं, दीक्षितानंच म्हातारीला घालवलं. त्याच्या टेबलाशी कुणी बसेना.

पावसाळा सरता सरता तो फ्रीगंजमध्ये अक्काच्या खोलीवर गेला. तिनं दार उघडलं, बसायला सतरंजी घातली, पाणी दिलं.

"अक्का, मला माफ नका करू," तो म्हणाला, "पण एकदा जेवायला बोलवा. फार एकटं वाटतं हो."

तिनं कोपऱ्यातल्या डब्याकडे हात केला. शेजारच्या खानावळीचा होता.

"बोलावलं असतं, जयंतराव. पण कणकेत हात घातला की वसंतराव दिसतात खाटेवर. मी आता माझ्यापुरतंसुद्धा रांधत नाही."

"अहो, बोट तर बरं झालंय!"

"बोट झालंय," अक्का म्हणाली.