जळलेल्या गावाचा रस्ता

बत्ता माझ्या मनगटावर बसला आणि ओट्यावरचं पीठ लाल झालं. सरांनी तो पुन्हा उचलला. "दाणागोटा लुटायला आलीस? कुठल्या पलटणीची तू?" बोलताना त्यांची थुंकी माझ्या तोंडावर उडत होती.

मी खैरुन्निसा, रत्नागिरीची. इथे आखातात, अल मजाज वस्तीतल्या एका टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर गुणवंत सरांना सांभाळायला येते. वय ब्याऐंशी. पुण्याच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला. आता मुलाचं, सुजीतसाहेबांचं, नाव आठवत नाही. हातात मात्र अजून बैलाचं बळ आहे.

जखम बघून सूनबाई, वैभवी मॅडम, पांढऱ्याफटक पडल्या. "सिस्टर, अजून एकदा रक्त दिसलं की खलास. सुजीतशी बोललेय मी. बाबांना पुण्याच्या होममध्ये पाठवायचं."

तशा एका होममध्ये मी दोन वर्षं नोकरी केली आहे. मारकुट्या म्हाताऱ्यांचे हात तिथे पलंगाला बांधतात. सरांचे हात बांधलेले मला बघवले नसते.

सकाळी दहाला मात्र ते शुद्धीवर असत आणि तास घेत. वर्गात विद्यार्थिनी एकच, मी. विषयही एकच, १८१२ सालची रशियावरची स्वारी. नेपोलियनने चार लाखांवर माणूस सीमेपार नेला. त्याला एक मोठी लढाई जिंकून घरी जायचं होतं, आणि रशियन लढेचनात. मागे हटत, आणि हटताना कोठारं, गिरण्या, वैरण जाळत. विहिरीत मेलेली जनावरं टाकत. घोड्यांनी शेतातलं हिरवं राय, गव्हासारखं धान्य, खाल्लं आणि पोटं फुगून ते हजारांनी मेले. घोडे गेले तशा तोफा आणि भाकरीच्या गाड्या वाटेतच रुतल्या. "लोक बर्फाला दोष देतात," सर टेबलावर बोट आपटत. "अर्धं सैन्य उन्हाळ्यातच संपलं होतं." मुलूख अफाट, पुढे जावं तितकी रसद लांबते आणि प्रत्येक गावी पहारा ठेवून फौज पातळ होते. मॉस्कोत पोचला तेव्हा हाताशी उरला जेमतेम लाख, आणि त्याच रात्री शहर पेटलं. पाच आठवडे तो तहाची वाट बघत बसला. परतताना दुसरी वाट अडवली गेली, म्हणून त्याच जळलेल्या रस्त्याने आला. वाटेत जुन्या रणांगणावर कुजलेली प्रेतं तशीच पडलेली होती. सैनिक जिवंत घोड्याच्या मांड्यांचे लचके कापून खात होते आणि दाणा शोधायला फुटलेल्यांना रशियाचे कोसॅक घोडेस्वार भाल्यांनी भोसकत होते.

"आणि गावकरी, सर? त्यांचंही धान्य जळलंच ना?" मी एकदा विचारलं.

सर उठून खिडकीशी गेले. तास तिथेच संपला.

बत्त्याच्या दिवसापासून मी त्यांचीच विद्या त्यांच्यावर चालवली. झुंजायचं नाही, हटायचं. पण हटण्याआधी पुढची खोली रिकामी करायची. सुऱ्या, काचेचे ग्लास, जड खुर्ची, सगळं कुलपात. सर चाल करून आले की मी मागे सरकत किचनमधून हॉलमध्ये, हॉलमधून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून त्यांच्या खोलीत जायची. तोवर त्यांना धाप लागायची आणि गोळी गिळली जायची. तीन आठवडे रक्ताचा थेंब नाही. मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी बायकोच्या तसबिरीची काच फोडून माझ्यावर धरली. कुणाला लागलं नाही, पण तसबीर गेली. एका दुपारी जाडजूड ग्रंथ माझ्या कानशिलावर आदळला. ती सूज मी ओढणीखाली लपवली आणि मॅडमना म्हटलं, पुस्तकं हलवा. चौदा खोकी खाली गेली.

काल दुपारी सर हँगर घेऊन धावले. खांद्यावर वळ उठले, पाठीवर उठले. मी मागे मागे जात होते आणि ते ओरडत होते, "मारा, एकही सोडू नका." खोलीच्या दारात ते थांबले. आत गादी, चार भिंती आणि एक खिळा. हँगर त्यांच्या हातातून गळला.

"गाव कुणी जाळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "आपल्याच माणसांनी, सर. फौजेला काही मिळू नये म्हणून."

"आणि इथली माणसं?"

माझा प्रश्न माझ्याकडेच परत आला होता. मला रडू आलं. तसबिरीच्या खिळ्यावरून ते तळवा फिरवत राहिले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मी प्लास्टिकच्या पेल्यात पाणी आणलं. त्यांनी हुंगलं आणि दूर सारलं.

मग मी आधी एक घोट प्यायले. सरांनी तो घशाखाली उतरेपर्यंत निरखून पाहिला. मग पेला दोन्ही हातांत धरून सगळं पाणी प्यायले आणि गादीवर थोडं सरकून मला बसायला जागा केली.