शांततेत पहिला नंबर

तुम्ही माणसांच्या छातीला मार्क दिलेत. काचेच्या केबिनमध्ये एसीत बसून ठरवलंत, की ज्याचे ठोके जास्त उतरतील तो जास्त शांत. कोणा डॉक्टरला विचारलंत? नाही विचारलंत. घड्याळं वाटलीत, फोटो काढलेत आणि भिंतीवर स्क्रीन लावलात. त्या स्क्रीनखाली सपनाचं काय झालं, ते आता ऐकून घ्या.

सपना मरोळच्या त्या ऑफिसात तक्रारीचे फोन घ्यायची. सामान फुटकं आलं, पैसे कापले, माणूस आलाच नाही, असल्या सगळ्या शिव्या तिच्या कानात. ती शांत बाई होती. खरीच शांत. घाटकोपरच्या वस्तीत भांडणं लागली की लोक तिलाच मध्ये घालायचे. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. घरी मुलगी, मनाली, सहावीत. मनाली शाळेतून यायच्या वेळेला सपना घरी पोचायची, कारण तिची शिफ्ट सकाळची होती. त्या एका शिफ्टवर तिचं अख्खं घर उभं होतं.

कंपनीने शिफ्ट सुरू होताना श्वासाचा कार्यक्रम आणला. सगळ्यांच्या मनगटावर कंपनीचं घड्याळ. स्क्रीनवर निळं वर्तुळ फुगायचं तेव्हा श्वास घ्यायचा, मनगटाला बारीक थरथर यायची. वर्तुळ आकसलं की सोडायचा, थरथर बंद. असं थोडा वेळ. शेवटी घड्याळ दोन आकडे दाखवायचं, सुरुवातीचे ठोके आणि शेवटचे. दोघांतला फरक म्हणजे तुमची प्रगती, आणि ती भिंतीवर नावासकट. जो सलग तळाला राहील त्याला "आराम मिळावा म्हणून" संध्याकाळच्या शिफ्टला टाकणार, असं मेलमध्ये गोड भाषेत लिहिलेलं.

सपनाचे आकडे यायचे अडुसष्ट आणि सहासष्ट. मुळात शांत बसलेल्या माणसाचे ठोके उतरून उतरणार किती? पण भिंतीवर ती तळाला.

आणि श्रेयस, जो दिवसभर कीबोर्ड आपटायचा, तो वर. कसा, हे शेजारच्या खुर्चीतल्या नंदाने हसत हसत सांगितलं. सगळे लिफ्ट सोडून जिना धावत चढतात. धापा टाकत खुर्चीत बसायचं, कार्यक्रम सुरू, ठोके एकशे तीस. मग नुसतं बसलं तरी ते खाली येतातच. श्वासाने उतरले की बसण्याने, हे घड्याळाला काय कळतंय. मजल्यावर त्याला "चढाई" म्हणायचे. टीम लीडर सुयोगला माहीत होतं. तो वर दारात उभा राहून टाळ्या वाजवायचा, "चला मावळ्यांनो, गड चढा."

सपनाला हसू आलं नाही. नंदा म्हणाली, "अगं वेडे, शांत राहून इथे कोणाचं भलं झालंय? धाव ना तूपण."

ती धावली. पहिल्याच दिवशी मधल्या फळीत आली. आठवडाभर रोज धावली. अधूनमधून छातीत काहीतरी अडखळल्यासारखं व्हायचं. ती मनात म्हणायची, सवय नाही, होईल.

शुक्रवारी पाचव्या मजल्याच्या वळणावर ते अडखळणं थांबलंच नाही. पिशवीत कोंबलेली कोंबडी फडफडते तसं बरगडीच्या आत काहीतरी फडफडायला लागलं. ताल नाही, थांबा नाही. ती कठडा धरून वर आली, खुर्चीत कोसळली. वर्तुळ फुगलं. मनगट थरथरलं. घड्याळावर एकशे अडतीस.

तिने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. बोटं गार पडली. श्वास खाली गेला की सगळं शांत होईल, असं रोज तो रेकॉर्ड केलेला गोड आवाज सांगायचा, आणि ती त्या आवाजाला घट्ट धरून होती. फडफड तशीच. डोळ्यांपुढचं वर्तुळ दोन झालं. मनात एकच गोष्ट फिरत होती. चावी मनालीकडे आहे की नाही? सकाळी दिली होती की पर्समध्येच राहिली?

कार्यक्रम संपला. शेवटचा आकडा, एक्क्याऐंशी.

भिंतीवर तिचं नाव झरकन वर गेलं, सगळ्यांच्या वर. टाळ्या पडल्या. सुयोग म्हणाला, "सपना, झकास! बघा रे, ह्याला म्हणतात प्रगती."

सपनाने सांगायचा प्रयत्न केला, की बरं वाटत नाही. सुयोगने वाकून तिचं मनगट पाहिलं आणि समजावलं, एक्क्याऐंशी म्हणजे उत्तम, पाणी पी, फोन उचल. तिला एक क्षण स्वतःचाच संशय आला. घड्याळ म्हणतंय ठीक आहे. मग मी नाटक करतेय का? ह्याची तिला मरणापेक्षा जास्त भीती वाटली. आतून मरतेय आणि बाहेर टाळ्या वाजतायत, कोणाला पटवायचं?

पटलं नंदाला. तिने सपनाच्या ओठांचा रंग पाहिला, सरळ छातीवर तळहात ठेवला, आणि तिची थट्टा तोंडातच मेली.

"ही धावतेय आतल्या आत," ती म्हणाली. "रिक्षा बोलव रे श्रेयस."

सुयोग लॉगआऊटचं काहीतरी बोलला. नंदाने त्याला काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

जवळच्या दवाखान्यात रत्नप्रभा डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या. मशीनवर आकडा एकशे साठच्या वर, कागदाच्या पट्टीवरच्या रेघा वेड्यावाकड्या. त्याच क्षणी मनगटावर घड्याळ ऐंशीच्या आसपास. सपना एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. यातली जिवंत मी कोणती?

डॉक्टरांनी औषध टोचत टोचत सांगितलं. घड्याळ हृदय ऐकत नाही. ते मनगटात हिरवा उजेड टाकतं, रक्ताची लाट आली की परत येणारा उजेड बदलतो, तेवढंच मोजतं. हिच्या हृदयाचे वरचे कप्पे फडफडतायत, त्यामुळे खालचे कप्पे नीट भरायच्या आतच आकसतायत. अर्ध्या ठोक्यांची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. न पोचलेले ठोके घड्याळाच्या लेखी झालेच नाहीत.

"म्हणजे आकडा उतरला नव्हता," नंदा म्हणाली.

"नाही. ठोके हरवत होते." डॉक्टरांनी हेही सांगितलं, की हे जिन्यानेच झालं असं म्हणता येणार नाही, आधीपासून आत काही असेल. पण हे श्वासाने बसणारं नव्हतं, आणि उशीर झाला असता तर बोलायला ती कदाचित उरली नसती.

संध्याकाळी ताल हळूहळू जागेवर आला. मनालीला शेजारणीने घरात घेतलं होतं. सपना डोळे मिटून पडली होती, तेव्हा फोन वाजला. कंपनीचा मेसेज, फुलांच्या चित्रासकट. अभिनंदन, या आठवड्यात शांततेत पहिला नंबर.

त्या रात्री तिने घड्याळ काढलं, तरी मनगट थरथरल्याचा भास होत राहिला.

बरी होऊन ती ऑफिसात गेली तेव्हा तुम्ही तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलंत. हसून खुर्ची दिलीत. सांगितलंत, की आमच्या नोंदीत त्या दिवशी तुमचे ठोके एक्क्याऐंशी आहेत, त्यामुळे ऑफिसात काही घडलं असं धरता येत नाही. मजल्यावर भीती पसरवू नका. आणि तब्येत नाजूक आहे तर संध्याकाळची शिफ्ट घ्या, तेव्हा फोन कमी असतात.

बाहेर चढाई चालू होती. काचेतून दिसत होतं, एक नवी पोरगी लाल तोंडाने आत धावत आली, खुर्चीत पडली आणि हसली.

सपनाने घड्याळ तुमच्या टेबलावर ठेवलं. शेजारी दवाखान्यातली ती वेड्यावाकड्या रेघांची पट्टी.

"मी सकाळचीच शिफ्ट करणार, आणि हे घालणार नाही. आता तुम्ही सांगा. त्या खुर्चीत मी मेले असते, तर ह्याने शून्य दाखवलं असतं. माझी सगळ्यात मोठी प्रगती. साहेब, तेव्हा टाळ्या वाजवल्या असत्या का? खाली बघू नका. मी उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही."

ती अजून बसली आहे. बोला.