हाडाला टेकलेली सळई

मिल बंद पडल्यावर रंगखात्यातल्या मुकुंदरावांनी कन्व्हेक्शन ओव्हन घेतला आणि सुदामा नगरात ऑर्डरीवर कोंबड्या भाजायला सुरुवात केली. आज पहिलीच ऑर्डर, आणि गिऱ्हाईक दारात उभं. मिलमध्ये रंगाच्या हौदात खुपसत, तशी त्यांनी थर्मामीटरची सळई कोंबडीत खोलवर खुपसली.

"ब्याऐंशी. झाली तयार, भिया."

"हाडाला टेकवलीत," बायको पद्मजा म्हणाली. "तिथं आकडा फसवतो." तिनं सळई जराशी मागे ओढून मांडीच्या जाड मांसात ठेवली. सहासष्ट. "पंच्याहत्तरशिवाय मी देणार नाही."

मुकुंदरावांचा चेहरा उतरला, कोंबडी परत आत गेली. बारा मिनिटांनी तिघंही आकड्यावर वाकले. सत्तर, त्र्याहत्तर, शहात्तर.

गिऱ्हाईक खूश. "रविवारी चार पाठवा. पण सळई वहिनीजीच लावतील."