सोबत : चित्र एक

राजीनाम्याचा मसुदा तिला तोंडपाठ होता. आस्थापना शाखेत बावीस वर्षं लोकांचे राजीनामे तिच्याच टेबलावर येत. ती तपासायची, त्रुटी काढायची, परत पाठवायची. कित्येक जण दुसऱ्या खेपेला कंटाळून नोकरीतच राहिले. एकाने तर निवृत्तीच्या दिवशी तिचे आभार मानले.

त्या सकाळी तिने स्वतःचा लिहिला. वर 'योग्य मार्गे', खाली विषय, तीन महिन्यांची नोटीस, कार्यमुक्तीची तारीख. कारणापाशी पेन थबकलं. सगळे 'वैयक्तिक' लिहितात. तिने लिहिलं, 'चित्रं काढायची आहेत.' लिहून झाल्यावर स्वतःचाच हात लागून गुदगुल्या व्हाव्यात, तसं झालं.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. तिने वाचून दाखवलं.

"पक्की नोकरी सोडून रंग कालवणार," त्या म्हणाल्या. "बरंय. मागच्या भिंतीचे पोपडे निघालेत."

"भिंत नाही हो आई. चित्रं."

"तेच तर. भिंत रंगवली असतीस, तर कुणी काही विचारलं नसतं." मग चार शेंगांनंतर, "सही नीट कर. तुझी सही घाबरलेली दिसते."

पत्र आवक टेबलावर गेलं, त्यावर क्रमांक पडला आणि दुपारपर्यंत ते फिरून तिच्याच पुढ्यात आलं. सवयीने हात लाल पेनाकडे गेला. कारण मोघम होतं. तिने शेरा मारला : 'कोणती चित्रे, याचा अर्जदाराने खुलासा करावा.'

तासाभराने तो शेरा अर्जदार म्हणून तिला मिळाला. "कोण ही बाई?" ती पुटपुटली आणि खुलासा लिहिला : 'नद्यांची. आणि न पाहिलेल्या गावांची.' संध्याकाळी त्याच खुलाशावर तिने लिहिलं, 'पुरावा जोडावा.'

शेजारचे हेडक्लार्क म्हणाले, "बाई, स्वतःचंच आहे. सोडून द्या की."

"आज मला सोडलं, तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल."

दुसऱ्या दिवशी तिने चित्र जोडलं. जांभळी नदी, नदीत रिकामी होडी, काठावर निजलेली बाई. फाईलचा दोरा ओवायला चित्रातल्या आभाळात दोन भोकं पाडली आणि पत्राच्या तळाशी लिहिलं, 'सोबत : चित्र एक.'

फाईल टेबलोटेबली फिरली. भांडार शाखेने लिहिलं, 'खुर्ची व कपाट परत ताब्यात मिळावे. होडीस नावाडी नाही. बुडाल्यास जबाबदारी कोणाची?' चौकशी शाखेने लिहिलं, 'अर्जदाराविरुद्ध चौकशी प्रलंबित नाही. काठावरील बाई कामाच्या वेळेत झोपली आहे काय, हे पडताळावे.' सर्वांत वर साहेबांची हिरवी शाई होती : 'नदी निळी करून फेरसादर करावे. मग स्वीकारू.'

साहेबांनी तिला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, निळी करा आणि मोकळ्या व्हा. पुढे हजार जांभळ्या काढा, कोण अडवतंय?"

ती टेबलाशी येऊन बसली. समोर शिक्क्याचं निळं पॅड उघडंच होतं. बोट बुडवायचं, एकदा फिरवायचं, की सुटका. राजीनामा स्वीकारला जाईपर्यंत तो मागेही घेता येतो, हा नियमही तिला ठाऊक होता. दोन्ही दारं उघडी होती. ती नदीकडे पाहत राहिली. पहिलीच नदी कुणी सांगितलं म्हणून निळी केली, तर दुसरी कुणाला विचारून काढायची? तिसरीला मग पाणी तरी येईल का?

तिने पॅड मिटलं आणि टिपणी लिहिली : 'अर्जदारास विचारले. नदी निळी करण्यास त्यांचा नकार आहे. राजीनाम्यास नोटीस लागते, ती दिलेली आहे. नदीच्या रंगाबाबत या कार्यालयास अधिकार असल्याचे नियमांत आढळत नाही. स्वीकारण्यास हरकत नसावी.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "अर्जदाराला कधी विचारलंत?"

"आत्ताच."

"समजावून सांगायचं."

"बरंच सांगितलं, साहेब. ऐकत नाहीत."

"असतो एकेकाचा स्वभाव," साहेब म्हणाले आणि सही केली.

तीन महिने तिने नव्या बाबूला त्रुटी काढायला शिकवलं. शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीचा आदेश हातात पडला, तेव्हा तिने चित्र परत मागितलं.

हेडक्लार्क अवघडले. "मूळ कागद दप्तरातून निघत नाही. तुम्हालाच माहीत आहे."

माहीत होतं. किती जणांना तिनेच हे ऐकवलं होतं.

"मग नक्कल द्या."

"अर्ज करा, मिळेल. पण थांबावं लागेल हां." त्यांनी फाईल उघडून नदीकडे पाहिलं. "चित्र काढणारं आता आमच्याकडे कुणी नाही. होत्या एक बाई. त्या आजच गेल्या."