पाळीचा तिसरा दिवस

रिपोर्टवर पिवळ्या पेनाने रेघा मारून कुणी तो माझ्यासमोर धरला की माझं डोकं फिरतं. चोवीस वर्षं सोनोग्राफी करतेय, दिवसाला तीस पोटं बघते, आणि ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनाच रेघा मारायची घाई.

अठरा तारखेला दुपारी दारात उभी राहिलेली मुलगी मात्र गरीब चेहऱ्याची होती. सव्वीस-सत्तावीसची. हातातल्या रिपोर्टची घडी घालून घालून कागद मऊ झालेला.

"मॅडम, फिल्मची एक प्रत हवी होती. उद्या सकाळी दाखल व्हायचंय."

"कशासाठी?"

"पिशवी साफ करायचीय. आणि दुर्बिणीतून गाठ काढायचीय. डॉक्टर म्हणाले, वेळ पडली तर उजवं अंडाशयच काढावं लागेल." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, मला कॅन्सर आहे का हो? घरात कुणी नीट सांगतच नाही."

"बस आधी," मी म्हटलं. रिपोर्ट माझाच, सोळा तारखेचा. सही माझी. पिवळ्या रेघा तीन ठिकाणी: अस्तराची जाडी अकरा मिलिमीटर, उजव्या अंडाशयात बावीस मिलिमीटरची सिंपल सिस्ट, थोडं फ्री फ्लुइड. आणि वर माझंच वाक्य: पाळीच्या तिसऱ्या दिवसाच्या मानाने अस्तर जाड.

"हे बघ, गर्भपिशवीला आतून अस्तर असतं. पाळीत ते गळून जातं, तिसऱ्या दिवशी तीन-चार मिलिमीटर राहायला हवं. तुझं अकरा, म्हणून मी जाड लिहिलं. सिंपल सिस्ट म्हणजे पातळ भिंतीची पाण्याची पुटकुळी. आत पडदे नाहीत, घट्ट काही नाही. त्यात कॅन्सरसारखं काही दिसत नाहीये, ते डोक्यातून काढ. फ्री फ्लुइड म्हणजे पिशवीच्या मागच्या खोबणीत साठलेलं थोडं पाणी, ते कितीतरी बायकांना असतं. आता सांग, रक्त किती जातंय?"

"कसलं रक्त?"

"अगं, पाळीचं! आज पाचवा दिवस ना तुझा?"

"माझी पाळी दोन तारखेला आली, मॅडम. सहाला संपलीसुद्धा."

मी सोळा तारखेला भरलेला तिचा अर्ज काढायला लावला. पाळीची तारीख: चौदा. अक्षर काउंटरवरच्या बाईचं.

"मग ही चौदा कुणी सांगितली?"

"आईंनी. सासूबाईंनी." तिने मान खाली घातली. "चौदाला नुसता डाग लागला होता. एकच पॅड वापरलं, तेही जवळजवळ कोरं. आई बाथरूममधली कचऱ्याची बादली उघडून बघतात. बघितलं की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल गोल करतात. लग्नाला दोन वर्षं झाली, अजून काही नाही, म्हणून."

शी! रक्त, पू, उलट्या, सगळं बघून झालंय माझं, जेवणाचा डबा शेजारी ठेवून बघून झालंय. पण दुसऱ्या बाईची बादली उपसून तिची पाळी भिंतीवर टांगणारी बाई मला सहन होईना. स्वयंपाकघरात! जिथे सासरा चहा पितो, नवरा डबा उचलतो, तिथे.

बोटांवर दिवस मोजले तेव्हा त्याहून वाईट वाटलं. पाळी दोन तारखेची असेल तर सोळा तारखेला तिसरा दिवस नव्हताच, पंधरावा होता. पंधराव्या दिवशी अकराचं अस्तर हवंच. बावीसची ती पुटकुळी गाठ नव्हती, फॉलिकल होतं, महिन्याचं अंडं घेऊन फुटायच्या तयारीत बसलेलं. चौदाचा तो डागही अंडं सुटायच्या दिवसांत काही बायकांना लागतो तसलाच. महिन्याच्या मध्यावर अस्तराच्या दिसतात त्या तीन रेघा मॉनिटरवर स्वच्छ दिसत होत्या, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ओळखलं असतं. मी तारीख वाचली, डोकं गहाण ठेवलं आणि सही ठोकली.

"कपडे बदल. लघवी करून ये," मी म्हटलं. "आतून सोनोग्राफी करते, दुखणार नाही. चालेल का तुला?"

तिने मान हलवली. मदतनीस मावशींनी पडदा ओढला. मी उजवं अंडाशय शोधलं आणि मॉनिटर तिच्याकडे वळवला.

"परवा इथे काळा गोल होता, टपोरा. आता बघ. चुरगळलाय. फुटला तो. अंडं बाहेर पडलंय. आणि मागे पाणी जरा वाढलंय, ते त्याच्यातलंच. अस्तरही परवापेक्षा पांढरं झालंय, म्हणजे तुझं शरीर वेळेवर काम करतंय. काढायला गाठ नाहीये, बाई, आणि साफ करायला काही घाण नाहीये."

ती मॉनिटरकडे बघत राहिली. मग विचारलं, "म्हणजे या महिन्यात..."

"राहूही शकतं. नाही राहिलं तर पुढच्या महिन्यात. पण उद्या पिशवी खरवडली असती, तर या महिन्याचा विषयच संपला असता."

तिने तोंडावर हात दाबून धरला.

मी तिथेच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. माझी चूक माझ्या तोंडाने सांगितली. ते म्हणाले, "अहो, पण मॅडम, ऑपरेशनची वेळ ठरलीय, भूलवाले येतायत. गाठ राहू दे, पिशवी तरी साफ करून घेतो. नुकसान काय?"

"नुकसान?" मी ओरडलेच. "सतराव्या दिवसाचं निरोगी अस्तर आहे ते! नवा रिपोर्ट पाठवतेय. तो वाचून हात लावलात तर मी लेखी तक्रार करेन, माझ्या चुकीसकट!" मग म्हणाले, बरं, रद्द करतो. भाजीची पिशवी परत करावी इतक्या सहज म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. औषधांच्या दुकानातून उद्याचं सामान घेऊन. मी त्यांना सगळं सांगितलं, बादलीसकट. त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. कसलं काय!

"मग कोणत्या दिवशी काय करायचं, ते मला लिहून द्या," त्या पर्स उघडत म्हणाल्या. "मी करते खुणा."

"तुमच्या हातात एक चिठ्ठीसुद्धा देणार नाही मी. बाहेर बसा."

"अहो, मी तिच्या भल्यासाठीच..."

"बाहेर!"

दार लागलं. नवा रिपोर्ट मी स्वतः टाइप केला. पहिली ओळ: पाळीची तारीख दोन, रुग्णाने स्वतः सांगितलेली. जुना रिपोर्ट तारखेच्या चुकीमुळे रद्द. सही केली, कागद तिच्या हातात दिला. काम संपलं होतं, पण माझा संताप उतरला नव्हता, आणि तो नेमका तिच्यावर निघाला.

"काय गं, शिकलेली मुलगी ना तू? सासू काउंटरवर खोटी तारीख सांगते, तू ऐकून घेतेस? आत तर त्या नव्हत्या. इथे टेबलावर पडल्यावर तरी मला सांगायचंस! तोंड नाही तुला?"

ती रिपोर्टची घडी घालत होती. रागावली नाही, काही नाही.

"सांगत होते मॅडम," ती म्हणाली. "दोनदा सुरुवात केली. तुम्ही म्हणालात, बोलू नका, पोट हलतं."

बाहेर तिच्या सासूबाई बसल्या होत्या, आणि तपासणीसाठी थांबलेल्या अजून अकराजणी. मावशींनी विचारलं, पुढची पाठवू का. मी म्हटलं, थांबा जरा.