स्क्रिप्ट कुणाची, नफा कुणाचा

दुर्गाघाटावरच्या माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात सकाळीच देवव्रतचा मेल आला. ‘वैदेहीताई, शेअर आपोआप घेण्या-विकण्याची कॉम्प्युटर स्क्रिप्ट मी लिहिली. खातं आणि पैसे मुक्ताचे असले तरी डोकं माझं, म्हणून नफा माझ्या उत्पन्नात दाखवा. बायकोला विचारायची गरज नाही.’

माझं डोकंच फिरलं. मी उत्तर लिहिलं, ‘मुक्ता माझी क्लायंट आहे, म्हणून हे तिलाही पाठवतेय. शेअर घेऊन त्याच दिवशी विकले, म्हणजे हा सट्टा व्यवसायाचा नफा. प्रत्येक सौद्याची नोंद ठेवून तो तिच्याच रिटर्नमध्ये जाईल. गेल्या वर्षीचा अशाच सौद्यांतला तोटा त्यातून वजा होईल. तो तोटा मुक्ताचा, असं तुम्हीच ठणकावून कळवलं होतं. तेव्हा स्क्रिप्ट कुणी लिहिली होती?’