ओ की शून्य

सुमनताईंचा जप संपेपर्यंत घरात त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. एकशे आठ मणी होईपर्यंत बोलायचं नाही, हा नेम हाउन्सलोला आल्यापासून एकतीस वर्षं चालला होता. आज मात्र मणी पुढे सरकत होते आणि कान मागे, जेवणाच्या टेबलाकडे लागले होते.

तिथे श्रीकांत जोगळेकर लॅपटॉपशी झटत होते. उभी हयात हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून काढलेला माणूस एका कागदावरचा नंबर पाच वेळा टाइप करून पाच वेळा चरफडला होता.

"एल, शून्य, एकोणीस... परत तेच! म्हणे नोंद सापडत नाही."

शेवटचा मणी सुटला. माळ डोळ्यांना लावून सुमनताई बाहेर आल्या. "काय भरताय?"

श्रीकांतरावांनी कागदावर तळहात ठेवला. "तुझंच चलन. बस लेनमध्ये शिरलीस कुठेतरी. चौदा दिवसांत भरलं तर ऐंशी पौंड, नाहीतर दुप्पट. आज चौदावा दिवस."

"माझं? मग पत्र मला कसं नाही दिसलं?"

"गाडी तुझ्या नावावर, म्हणून पत्र तुझ्या नावावर. राहिलं माझ्याकडे. उगाच उपास-तापासात तुझा जीव कशाला टांगणीला लावायचा?"

सुमनताईंना खरंच शरमल्यासारखं झालं. शिरलोही असू, त्यांना वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली. "अहो, शून्य नाही ते. ओ आहे, ओ. आपल्या गाडीच्या नंबरात आधी दोन अक्षरं येतात, मग आकडे. पाटीवर दोन्ही सारखेच दिसतात."

"ते मला ठाऊक आहे."

"मग टाकत का नव्हतात?" त्या हसल्या. ते हसले नाहीत.

त्यांनी नोटिशीचा नंबर घातला, खाली गाडीचा. या वेळी पान उघडलं. रक्कम, रस्ता, तारीख, वेळ. मंगळवार, सकाळी दहा चाळीस.

सुमनताईंचा हात माउसवरच थांबला. मंगळवारी सकाळी त्या देवाला जात, पण स्वतःच्या वाहनाने नाही. बस, मग ट्रेन, मग पायी वेम्बलीच्या देवळापर्यंत. हाही नेमच होता आणि तो श्रीकांतरावांइतका कुणाला ठाऊक असणार?

"भर की आता," ते म्हणाले. "ते फोटोबिटो बघत बसू नकोस. पैसे भरले की मिटलं."

त्यांनी फोटोबिटोवरच क्लिक केलं.

फोटोंखालच्या क्लिपला आवाज नव्हता. त्यांची निळी गाडी रस्त्याने सरळ येत होती, आणि मग कुणी हात सोडून द्यावा तशी डावीकडे वाहवत गेली. सिग्नल नाही, ब्रेक नाही. बस लेन ओलांडून कडेच्या स्टॉपकडे. तिथली एक बाई बाबागाडी मागे खेचून धडपडली. गाडी वीतभर अंतरावर सावरली आणि काही झालंच नाही अशी पुढे गेली.

एप्रिलमध्ये श्रीकांतराव चहा पिता पिता शुद्ध हरपून कोसळले होते. सहा महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, लायसन्सवाल्यांना कळवा, असं तज्ज्ञांनी बजावलं होतं. 'कळवलं,' असं त्यांनी सांगितलं होतं. ते सहा महिने अजून संपले नव्हते.

"कळवलं होतंत ना?"

"तेवढे दोन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी... सुमन, मी डॉक्टर आहे. मला कळतं माझं."

"त्या बाईला कळत होतं का?"

ते उठून जिन्याच्या पायऱ्यांवर, पाठमोरे जाऊन बसले. खुंटीवरच्या किल्ल्या सुमनताईंनी काढून पदराच्या गाठीत बांधल्या. कार्डाचे आकडे एकदाही चुकले नाहीत. ऐंशी पौंड गेले, पावती आली, खाली हिरव्या अक्षरांत 'प्रकरण बंद.' गाडी कोण चालवत होतं, हे त्या पानाने शेवटपर्यंत विचारलं नाही. लॅपटॉप मिटला असता तर पुन्हा कधी कुणी विचारलंही नसतं.

त्यांनी दुसरं पान उघडलं. आजार कळवण्याचं, लायसन्सवाल्यांचं. नाव, जन्मतारीख भरली. पुढचा रकाना लायसन्स नंबरचा. ते पाकीट श्रीकांतरावांच्या खिशात होतं.

"अहो."

त्यांनी लॅपटॉप पायऱ्यांकडे वळवला.

"मी भरू शकते तेवढं भरलं. हे तुम्हीच सांगायचंय. अहो!"

एकतीस वर्षांत त्यांनी दुसरी हाक कधी मारली नव्हती. बाहेर बस थांबल्याचा सुस्कारा आला, दारं मिटली, बस गेली. मग पाकिटाची चेन वाजली. तो नंबर आडनावाच्या इंग्रजी अक्षरांनीच सुरू होत होता.

"जे," श्रीकांतराव म्हणाले.

"पुढे?"

"ओ."